एक्सेल शीटमधील बेस शिअर सॉफ्टवेअरपेक्षा जास्त येतो तेव्हा: एसआरएसएस बेरीज कोणत्या पायरीवर करावी

नागपुरात चार-पाच मजल्यांच्या निवासी इमारतींचे संकल्पन करणाऱ्या तरुण अभियंत्यांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. सॉफ्टवेअरमध्ये रिस्पॉन्स स्पेक्ट्रम विश्लेषण झालेले असते, पडताळणीसाठी एक्सेल शीटवर तेच गणित हाताने मांडलेले असते, मोडचे आवर्तकाल दशांशापर्यंत जुळतात, मोडल मासची टक्केवारी जुळते, प्रत्येक मोडमधील प्रत्येक स्लॅबवरचे बलही जुळते. आणि तरीही शेवटचा बेस शिअर जुळत नाही. शीटवरचा आकडा नेहमी मोठा असतो, कधी सहा टक्क्यांनी, कधी वीस-पंचवीस टक्क्यांनी. मग कोणी डॅम्पिंग तपासतो, कोणी मातीचा प्रकार बदलून पाहतो, आणि बहुतेक जण अखेरीस असा निष्कर्ष काढतात की शीटवरचा आकडा मोठा आहे, म्हणजे तो सुरक्षित बाजूला आहे, तेव्हा तोच धरून पुढे जावे.

हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे एका इमारतीचे आकडे मांडूनच नीट दाखवता येते. दोष जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी असतो: प्रत्येक मोडमधील स्लॅबवरच्या बलांची वर्गबेरीज करून वर्गमूळ आधी काढले जाते आणि त्यानंतर त्या एकत्रित बलांची वरून खाली बेरीज करून शिअर काढला जातो. क्रम याच्या उलट हवा. जी राशी आपल्याला हवी आहे, ती आधी प्रत्येक मोडमध्ये स्वतंत्रपणे, चिन्हासकट काढावी आणि एसआरएसएस, म्हणजे वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, ही त्या राशीवरची शेवटची क्रिया असावी.

उदाहरणासाठी बेसा-मनीषनगर भागात आढळते तशी एक साधी पाच स्लॅबची आरसीसी इमारत घेऊ. प्रत्येक मजला 3 मीटर, एकूण उंची 15 मीटर, प्रत्येक स्लॅबचे भूकंपीय वजन 2000 किलोन्यूटन, म्हणजे एकूण 10000 किलोन्यूटन. सर्व मजल्यांचा ताठरपणा सारखा धरला आहे. प्रत्यक्षात खाली स्टिल्ट पार्किंग असेल तर तळाचा मजला लवचिक होईल आणि मोडचे आकार बदलतील, पण इथे जो मुद्दा तपासायचा आहे त्यावर त्याचा परिणाम होत नाही. बीम आणि कॉलम यांचे तडे गेलेल्या छेदाचे गुणधर्म घेतल्यावर पहिल्या मोडचा आवर्तकाल 1.0 सेकंद येतो असे समजू. समान वजन आणि समान ताठरपणा असलेल्या पाच मजल्यांसाठी पुढचे आवर्तकाल ठरलेल्या प्रमाणात येतात: दुसऱ्या मोडचा 0.34 सेकंद आणि तिसऱ्याचा 0.22 सेकंद.

आयएस 1893 (भाग 1) : 2016 नुसार नागपूर भूकंपक्षेत्र 2 मध्ये येते, म्हणून Z = 0.10. सर्वसाधारण निवासी इमारतीसाठी I = 1, आणि साध्या मोमेंट फ्रेमसाठी R = 3 घेतला आहे. माती मध्यम प्रकारची धरली आहे. मध्यम मातीत 0.55 सेकंदांपर्यंत Sa/g चे मूल्य 2.5 असते आणि त्यानंतर ते 1.36/T या सूत्राने उतरते. म्हणून पहिल्या मोडसाठी Sa/g = 1.36, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या मोडसाठी 2.5. (0.10 सेकंदाखालचा चढता भाग इथे लागत नाही.) क्षैतिज भूकंप गुणांक असे येतात:

```
Ah = (Z/2) (I/R) (Sa/g)
Ah1 = 0.05 x 1.36 / 3 = 0.02267
Ah2 = Ah3 = 0.05 x 2.5 / 3 = 0.04167
```

पहिल्या मोडचा मोडल मास एकूण वस्तुमानाच्या 87.95 टक्के, दुसऱ्याचा 8.72 टक्के आणि तिसऱ्याचा 2.42 टक्के आहे. संहितेला किमान 90 टक्के वस्तुमान हवे असल्याने एकटा पहिला मोड पुरत नाही. तीन घेतल्यावर बेरीज 99 टक्क्यांच्या वर जाते. आता प्रत्येक मोडमधील स्लॅबवरची बले पाहू. आकडे किलोन्यूटनमध्ये आहेत आणि पाचवा स्लॅब म्हणजे छत.

| स्लॅब | मोड 1 | मोड 2 | मोड 3 |
|---|---|---|---|
| 5 | 56.74 | −30.18 | 13.22 |
| 4 | 52.15 | −9.35 | −9.45 |
| 3 | 43.33 | 17.94 | −15.91 |
| 2 | 30.99 | 32.84 | 4.93 |
| 1 | 16.15 | 25.07 | 17.31 |

इथपर्यंत शीट आणि सॉफ्टवेअर यांच्यात फरक नसतो. पुढच्या पायरीवर रस्ते फुटतात. चुकीच्या रस्त्याने जाणारा प्रत्येक ओळीतील तीन आकड्यांचे वर्ग करून, बेरजेचे वर्गमूळ घेतो. छतासाठी 65.61, चौथ्या स्लॅबसाठी 53.82, मग 49.52, 45.42 आणि 34.48 असे आकडे येतात. या पाचांची बेरीज 248.85 किलोन्यूटन. शीटवर हाच आकडा बेस शिअर म्हणून दिसत असतो.

बरोबर रस्त्याने जायचे तर आधी प्रत्येक स्तंभ वरून खाली, चिन्हे राखून बेरजेने उतरवावा. पहिल्या मोडमध्ये सगळी बले एकाच दिशेला असल्याने शिअर वाढत जातो आणि तळाशी 199.36 होतो. दुसऱ्या मोडमध्ये वरचे दोन स्लॅब एका दिशेला तर खालचे तीन विरुद्ध दिशेला ढकलले जातात. म्हणून शिअर −30.18 पासून सुरू होऊन −39.53 पर्यंत जातो, तिथून उलटतो आणि तळाशी फक्त 36.32 उरतो. तिसऱ्या मोडमध्ये बलांची दिशा दोनदा बदलते आणि तळाशी 10.09 राहतो. आता तळाशी वर्गबेरीज करून वर्गमूळ घेतले की बेस शिअर मिळतो 202.89 किलोन्यूटन, आणि सॉफ्टवेअरही हेच सांगत असते.

दोन्ही आकड्यांत 46 किलोन्यूटनचा, म्हणजे 23 टक्क्यांचा फरक कुठून आला हे दुसऱ्या मोडच्या स्तंभात दिसते. त्या मोडमध्ये खालच्या तीन स्लॅबवरची बले मिळून सुमारे 76 किलोन्यूटन आहेत आणि वरच्या दोन स्लॅबवरची सुमारे 40 किलोन्यूटन त्यांच्या विरुद्ध आहेत. इमारत दुसऱ्या मोडमध्ये डोलत असताना कोणत्याही क्षणी ही बले एकमेकांना छेदतात. पाया त्यांची वजाबाकीच अनुभवतो. वर्ग केला की ऋण चिन्ह जाते. प्रत्येक स्लॅबवर आधीच वर्ग केल्याने एकाच मोडमधील, एकाच क्षणी परस्परविरोधी असणारी बले एकाच दिशेची होऊन बसतात. एसआरएसएस पद्धतीला दोन वेगवेगळ्या मोडच्या कमाल मूल्यांमधील नाते विसरण्याची मुभा आहे, कारण ती मूल्ये वेगवेगळ्या क्षणी येतात; एकाच मोडच्या आत असलेले नाते विसरण्याची मुभा तिला नाही.

आपल्या शीटमध्ये हाच दोष आहे की दुसरा, हे ओळखण्यासाठी वेगळी मेहनत लागत नाही. सर्वांत वरच्या मजल्याचा शिअर पाहावा. तिथे छतावरचे बल आणि मजल्याचा शिअर ही एकच राशी असल्याने दोन्ही रस्त्यांनी 65.61 हेच उत्तर येते. त्याखाली चौथ्या मजल्यावर शीट 119.43 दाखवील आणि सॉफ्टवेअर 115.90, तिसऱ्यावर 168.95 विरुद्ध 154.22, दुसऱ्यावर 214.37 विरुद्ध 183.70. वर तंतोतंत जुळणारा आणि खाली उतरताना वाढत जाणारा फरक ही या चुकीची ओळख आहे. मातीचा प्रकार, डॅम्पिंग किंवा R चुकला असता तर छताचा आकडाही जुळला नसता, त्यामुळे हे एक निरीक्षण बरीचशी शोधाशोध वाचवते. पहिला मोड एकटा ठेवून बाकीचे बंद केले तर फरक पूर्ण नाहीसा होतो, हीही एक खात्रीची खूण आहे.

ज्यांना शीटऐवजी लहानसा प्रोग्रॅम सोयीचा वाटतो त्यांनी वरचे आकडे पहिल्या स्लॅबपासून क्रमाने भरून दोन्ही उत्तरे शेजारी छापावीत. पहिली ओळ बरोबर शिअर देते, दुसरी चुकीच्या क्रमाचा.

```python
import numpy as np
Q = np.array([[16.15, 30.99, 43.33, 52.15, 56.74],
              [25.07, 32.84, 17.94, -9.35, -30.18],
              [17.31, 4.93, -15.91, -9.45, 13.22]])
V = np.cumsum(Q[:, ::-1], axis=1)[:, ::-1]
F = np.sqrt((Q**2).sum(axis=0))
print(np.sqrt((V**2).sum(axis=0)))
print(np.cumsum(F[::-1])[::-1])
```

आता त्या ‘मोठा आकडा म्हणजे सुरक्षित’ या समजुतीकडे वळू, कारण खरे नुकसान तिथे होते. संहितेनुसार विश्लेषणातून आलेला बेस शिअर, अनुभवजन्य आवर्तकालावरून काढलेल्या बेस शिअरपेक्षा कमी असेल तर सगळे परिणाम त्या गुणोत्तराने वाढवायचे असतात. आपल्या इमारतीत विटांच्या भिंती आहेत आणि भूकंपाच्या दिशेतील पायाची लांबी 12 मीटर आहे असे धरले, तर 0.09h/√d या सूत्राने आवर्तकाल 0.39 सेकंद येतो, Sa/g = 2.5 मिळते आणि तुलनेचा बेस शिअर 416.67 किलोन्यूटन होतो. बरोबर गुणक म्हणून 416.67 भागिले 202.89, म्हणजे 2.05 यायला हवा. शीटवरचा 248.85 हा आकडा घेतला की गुणक 1.67 वर येतो.

हा 1.67 सॉफ्टवेअरच्या भारप्रकरणात भरला की सॉफ्टवेअर स्वतःच्या 202.89 ला त्याने गुणते आणि बेस शिअर होतो सुमारे 340 किलोन्यूटन. हवा होता 416.67. प्रत्येक कॉलमचा मोमेंट आणि प्रत्येक बीमचा शिअर साडेअठरा टक्क्यांनी कमी पडतो, आणि ही सगळी तूट ज्या आकड्यामुळे आली तो आकडा मोठा होता म्हणून सुरक्षित मानलेला असतो. छेद ठरवणाऱ्या अभियंत्याला हे कळण्याचा मार्ग उरत नाही, कारण अहवालात 416.67 हा आकडा शीटवर छापलेलाच असतो. त्यामुळे गुणक भरल्यानंतर सॉफ्टवेअरमधून बेस रिअॅक्शन पुन्हा वाचून ती 416.67 आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

काही जण सॉफ्टवेअरमधील भारप्रकरण बाजूला ठेवून शीटवरची बलेच स्थिर भार म्हणून स्लॅबवर लावतात. तिथेही चित्र तसेच आहे. 1.67 ने वाढवल्यावर तळाची बेरीज 416.67 होते खरी, पण वाटप बिघडलेले असते: छताच्या मजल्याचा शिअर 109.9 येतो, जिथे तो 134.7 असायला हवा. चौथ्या मजल्याचा 200.0 येतो, जिथे 238.0 हवा, तिसऱ्याचा 282.9, जिथे 316.7 हवा. तळ सोडला तर प्रत्येक मजल्यावर शिअर कमी पडतो, कारण चुकीच्या क्रमाने खालच्या स्लॅबना त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त बल दिले आणि मोठे केलेले बल पुन्हा ठरलेल्या बेरजेत बसवताना ते वरच्या मजल्यांकडून काढून घेतले गेले.

स्लॅबवर लावण्याची बले हवीच असतील तर संहितेनेच त्यांचा मार्ग दिलेला आहे. आधी मजल्यांचे एकत्रित शिअर काढावेत आणि मग लगतच्या दोन शिअरमधील फरक हे त्या स्लॅबवरचे बल मानावे. छतावरचे बल म्हणजे छताखालच्या मजल्याचा शिअर. आपल्या इमारतीत ही बले वरून खाली 65.61, 50.29, 38.32, 29.48 आणि 19.19 येतात आणि त्यांची बेरीज 202.89 होते. मात्र या बलांकडून शिअरपलीकडे अचूकपणाची अपेक्षा ठेवू नये. त्यांच्यावरून पायाशी उलथवणारा मोमेंट काढला तर तो 2167 किलोन्यूटन-मीटर येतो, आणि प्रत्येक मोडमधील मोमेंट वेगळा काढून शेवटी एकत्र केला तर 2105.5 येतो. फरक तीन टक्क्यांचा आणि सुरक्षित बाजूचा आहे, म्हणून तो चालतो. पण ‘हवी ती राशी मोडनिहाय काढा’ हा नियम इथेही तसाच लागू आहे हे त्यातून दिसते. दुसऱ्या मोडचे मोमेंट 131 च्या आसपास आणि ऋण आहेत, शिअर मात्र तळाशी धन आहे. शिअरच्या वर्गमुळातून मोमेंट काढताना ही गोष्ट हरवते.

ड्रिफ्टच्या बाबतीत तर चूक थेट असुरक्षित बाजूला जाते आणि तिथे पुष्कळ अनुभवी माणसेही फसतात. सॉफ्टवेअर प्रत्येक स्लॅबचे एकत्रित विस्थापन देते. दोन लगतच्या स्लॅबची विस्थापने वजा करून मजल्याचा ड्रिफ्ट काढावा, हे इतके स्वाभाविक वाटते की त्यावर प्रश्नच पडत नाही. आपल्या इमारतीत मजल्याचा ताठरपणा सुमारे 99350 किलोन्यूटन प्रति मीटर येतो. सर्वांत वरच्या मजल्यासाठी वजाबाकीने ड्रिफ्ट 0.58 मिलिमीटर मिळतो. प्रत्येक मोडमधील ड्रिफ्ट आधी काढून मग एकत्र केला तर 0.66 मिलिमीटर. म्हणजे वजाबाकीने जवळजवळ बारा टक्के कमी दाखवले. कारण पुन्हा तेच आहे: छताच्या विस्थापनावर पहिल्या मोडचेच राज्य असते आणि दुसऱ्या मोडचा वाटा वर्गमुळात जवळजवळ पुसला जातो, पण वरच्या मजल्याच्या विकृतीत दुसऱ्या मोडचा वाटा पहिल्या मोडच्या वाट्याच्या अर्ध्याहून अधिक भरतो. नागपूरसारख्या क्षेत्रात 0.004h ही मर्यादा, म्हणजे या मजल्यासाठी 12 मिलिमीटर, खूप दूर असल्याने हा फरक कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. तीच शीट क्षेत्र 4 मधल्या लवचिक इमारतीला वापरली की भरतो. सॉफ्टवेअरच्या तक्त्यात मजल्याचा ड्रिफ्ट स्वतंत्र राशी म्हणून मिळतो, तोच घ्यावा.

इथे मातीबद्दल एक गोष्ट नमूद करावीशी वाटते, कारण शहराच्या वेगवेगळ्या भागांत ती खरोखर बदलते. नागपूरच्या पश्चिमेकडे बेसाल्टचा कठीण थर अनेक ठिकाणी वर लागतो, तर इतरत्र काळ्या मातीखाली मुरूम लागेपर्यंत बरेच खोदावे लागते. पाया कठीण थरावर असून मातीचा प्रकार 1 ठरला, तर Sa/g चा सपाट भाग 0.40 सेकंदांपर्यंतच असतो आणि पुढे 1/T लागू होतो. मग आपल्या इमारतीच्या पहिल्या मोडचे Sa/g 1.36 वरून 1.0 वर येते, पण 0.34 आणि 0.22 सेकंदांचे मोड सपाट भागातच राहतात. बरोबर बेस शिअर 151.4 होतो आणि चुकीच्या क्रमाने 206.6 येतो, फरक 23 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर जातो. पहिला मोड जितका दुबळा आणि वरचे मोड जितके सबळ, तितकी ही चूक मोठी. याच कारणाने तीन स्लॅबच्या ताठर इमारतीवर पडताळलेली शीट, जिथे सर्व मोड सपाट भागात असतात आणि फरक जेमतेम सहा टक्के दिसतो, ती दहा मजली इमारतीवर वापरली की अचानक भरवसा गमावते. त्या सहा टक्क्यांना पूर्णांकनातील फरक समजून सोडून दिलेले असते.

क्रम सुधारल्यावर शीट आणि सॉफ्टवेअर जुळायला हवेत. तरीही फरक उरला, आणि विशेषतः तो त्रिमितीय मॉडेलमध्येच दिसत असेल, तर दुसरे कारण तपासावे: सॉफ्टवेअर बहुधा सीक्यूसी पद्धतीने एकत्र करत असते आणि शीट एसआरएसएसने. वरच्या समतल उदाहरणात या दोन पद्धतींत दखल घेण्याजोगा फरक पडत नाही. सीक्यूसीमध्ये दोन मोडमधील सहसंबंध गुणांक असा मोजतात, जिथे β हे दोन वारंवारतांचे गुणोत्तर आणि ζ हे डॅम्पिंग:

```
rho = 8 ζ² (1+β) β^1.5 / [ (1-β²)² + 4 ζ² β (1+β)² ]
```

पाच टक्के डॅम्पिंगला पहिल्या दोन मोडसाठी β = 0.34 असल्याने हा गुणांक 0.007 येतो, म्हणजे जवळजवळ शून्य, आणि सीक्यूसीचे सूत्र आपोआप एसआरएसएस होते. पण लिफ्टची भिंत एका कोपऱ्यात असलेल्या इमारतीत सरकण्याचा मोड 1.00 सेकंदाचा आणि पिळाचा मोड 0.94 सेकंदाचा असे सहज घडते. तिथे गुणांक 0.72 येतो. आता एका कडेच्या फ्रेमच्या शिअरमध्ये पहिल्या मोडचा वाटा 30 आणि दुसऱ्याचा 24 किलोन्यूटन असा समान चिन्हाचा आहे, आणि विरुद्ध कडेच्या फ्रेममध्ये 30 आणि −24 असा आहे, असे समजा. एसआरएसएस दोन्ही फ्रेमना 38.4 देते, कारण तिला चिन्ह दिसतच नाही. सीक्यूसी पहिल्या फ्रेमला 50.2 आणि दुसऱ्या फ्रेमला 20.9 देते. हे दोन मोड जवळजवळ एकाच तालात चालतात, म्हणून एका कडेला त्यांचे परिणाम एकमेकांत मिसळून वाढतात आणि दुसऱ्या कडेला एकमेकांना खातात. एसआरएसएसने पहिल्या फ्रेमची गरज जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी लेखली.

संहितेची सीमारेषा अशी आहे की दोन वारंवारतांमधील फरक लहान वारंवारतेच्या 10 टक्के किंवा त्याहून कमी असेल, तर ते मोड निकटचे मानावेत. अशा मोडचे परिणाम चिन्हे सोडून सरळ बेरजेने एकत्र करायचे आणि ती बेरीज बाकीच्या मोडशी वर्गमुळाने जोडायची, किंवा सरळ सीक्यूसी वापरायची. वरच्या उदाहरणात सरळ बेरीज दोन्ही फ्रेमना 54 देते. पहिल्या फ्रेमसाठी ते सीक्यूसीच्या जवळ आहे, दुसऱ्यासाठी अडीचपट जास्त. शीटवर हाताने करायचे असेल तर ही सरळ बेरीज सोपी आणि सुरक्षित पडते, पण सॉफ्टवेअर हाताशी असताना त्रिमितीय मॉडेलसाठी सीक्यूसीच निवडावी असे मला वाटते, कारण मोड दूरदूर असले तरी तिने काही बिघडत नाही. 10 टक्क्यांची रेषा फार विश्वासाने वापरू नये हेही लक्षात असू द्यावे: β = 0.9 ला, म्हणजे त्या रेषेच्या अगदी किंचित बाहेरसुद्धा, गुणांक 0.47 असतो, जो दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही.

पडताळणीसाठी म्हणून सॉफ्टवेअरमध्ये तेच भारप्रकरण एकदा `SRSS` आणि एकदा `CQC` निवडून चालवावे. बेस शिअर दोन्हींत सारखा आला आणि कडेच्या फ्रेमचे आकडेच बदलले, तर शीटमध्ये दोष नाही. पिळाचा मोड जवळ आलेला आहे. बेस शिअरच्या आकड्यावरून हे कळत नाही, कारण पिळाने दोन कडांवर होणारी वाढ आणि घट एकूण शिअरमध्ये एकमेकींना बऱ्याच अंशी भरून काढते, म्हणून तुलना किमान चार कोपऱ्यांतील कॉलमच्या शिअरवर करावी. तिथे दहा टक्क्यांहून अधिक फरक दिसला तर संकल्पनासाठी सीक्यूसीचे आकडे घ्यावेत, आणि तपासणीसाकडे जाणाऱ्या अहवालात मोडनिहाय स्लॅबवरची बले चिन्हांसकट छापावीत, म्हणजे समोरच्याला एकत्रीकरणाची पायरी स्वतः करून पाहता येईल.